अचिव्हमेंट मिळवली, पण खात्यात दिसत नाही: कुठे अडकली ते कसं शोधायचं

साताऱ्यात माझं छोटं गेमिंग कॅफे आहे, दहा पीसी आणि दोन प्लेस्टेशन. महिन्यातून चार-पाच वेळा तरी कुणीतरी काउंटरवर येऊन सांगतं, "दादा, अचिव्हमेंट पॉपच झाली नाही." तक्रार एकच वाटते, पण तिच्यामागे निदान पाच-सहा वेगवेगळी कारणं असतात. म्हणून आधी नेमकं काय दिसतंय ते विचारतो. तुम्हीही आधी तेवढं ठरवा.

लक्षणं

- गेममध्ये काम पूर्ण झालं, पण स्क्रीनच्या कोपऱ्यात नोटिफिकेशन आलं नाही.
- गेमच्या स्वतःच्या मेनूत टिक किंवा तारा दिसतो, स्टीमच्या किंवा कन्सोलच्या यादीत मात्र अजून कुलूपच आहे.
- नोटिफिकेशन आलं, आवाजही आला, पण फोनवरच्या ॲपमध्ये किंवा मित्राला काहीच दिसत नाही.
- मोजणीची अचिव्हमेंट ९९ वर अडकली, किंवा परत शून्यापासून सुरू झाली.
- त्या गेमची एकही अचिव्हमेंट मिळत नाही. परवापर्यंत मिळत होत्या, आता सगळ्याच थांबल्या.

पाचवं लक्षण बाकीच्यांपेक्षा वेगळं आहे. एकच अचिव्हमेंट अडकली तर दोष बहुधा गेममध्ये किंवा अटीत असतो. सगळ्याच थांबल्या तर गेम आणि प्लॅटफॉर्म यांच्यातला धागाच तुटलेला असतो. हे आधी कळलं तर अर्धा तास वाचतो.

नोंद तीन ठिकाणी होते

पुढची प्रत्येक तपासणी समजायला एवढं माहीत हवं. अचिव्हमेंट म्हणजे गेम बनवणाऱ्याने प्लॅटफॉर्मकडे आधीच नोंदवून ठेवलेली एक अट. तिला एक आतलं नाव असतं, वर दिसणारं नाव आणि चित्र असतं. एक्सबॉक्स ३६० सोबत २००५ मध्ये गेमरस्कोअर आला, त्यात प्रत्येक अचिव्हमेंटला गुण असतात. स्टीमवर अचिव्हमेंट्स २००७ मध्ये आल्या, तिथे गुण नाहीत. प्लेस्टेशनवर ट्रॉफी २००८ मध्ये पीएस३ च्या २.४० या अपडेटने आली. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड आणि सगळं पूर्ण केल्यावर प्लॅटिनम. निन्टेन्डो स्विचवर अशी सगळ्या गेम्सना लागू होणारी यादीच नाही, त्यामुळे तिथे "प्रोफाइलमध्ये का दिसत नाही" हा प्रश्नच येत नाही. तिथे जे असतं ते त्या-त्या गेमच्या आत.

आता नोंदीचा प्रवास. पहिली नोंद गेमच्या सेव्हमध्ये होते. तुम्ही बॉस मारला, हे गेमला तिथून कळतं. मग गेम त्याच मशीनवर चालू असलेल्या प्लॅटफॉर्मच्या प्रोग्रामला कळवतो, ही दुसरी नोंद. शेवटी तो प्रोग्राम कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्या खात्याखाली ती लिहितो, ही तिसरी. तुमच्या प्रोफाइलवर आणि मित्रांना जे दिसतं ते या तिसऱ्या वहीतलं.

स्टीममध्ये हे अगदी स्पष्ट पाहता येतं. गेम आधी `SetAchievement` म्हणतो, म्हणजे "ही मिळाली असं धरा". पण तेवढ्याने काही होत नाही. त्यानंतर गेमने `StoreStats` म्हणावं लागतं, तेव्हा ती सर्व्हरकडे जाते आणि कोपऱ्यातलं नोटिफिकेशन येतं. या दोन्हींच्या मधल्या क्षणी गेम क्रॅश झाला, तर सेव्हमध्ये बॉस मेलेला असतो आणि स्टीमच्या वहीत काहीच नसतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तिसऱ्या वहीतली नोंद खातं आणि गेमचा क्रमांक या जोडीवर असते. मशीन कोणतं, सेव्ह कोणाचा, गेम विकत कोणी घेतला, याच्याशी तिचा संबंध नाही. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी या एका वाक्यात संपतात.

पहिली तपासणी: मिळाली नाही, की फक्त दिसत नाही?

पैसे लागत नाहीत, दोन मिनिटं लागतात. नोटिफिकेशन न येणं आणि नोंद न होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्टीमचा ओव्हरले बंद असेल तर कोपऱ्यात काहीच येत नाही, पण अचिव्हमेंट खात्यात पडते. कन्सोलवर ट्रॉफीचं नोटिफिकेशन बंद करून ठेवलेलं असतं आणि लक्षात राहत नाही. म्हणून लायब्ररीत जाऊन त्या गेमची यादी उघडा आणि तिथे बघा. मुलं फक्त कोपऱ्याकडे बघून घाबरतात.

मित्राला दिसत नसेल तर स्टीमच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये `Game details` काय आहे ते बघा. ते खाजगी असेल तर तुमच्या अचिव्हमेंट्स इतरांना दिसणार नाहीत. स्टीममध्ये एखादा ठराविक गेमही खाजगी करून ठेवता येतो, त्यामुळे बाकी सगळं दिसतं आणि तोच एक गेम दिसत नाही.

मग अट शब्दन् शब्द वाचा. "एकाच खेळात", "हार्ड किंवा त्याहून वर", "न मरता", असे दोन शब्द नजरेतून सुटतात. गेमच्या मध्येच डिफिकल्टी एकदा कमी करून परत वाढवली तरी काही गेम तो पूर्ण खेळ मोजत नाहीत. मोजणीच्या अचिव्हमेंटमध्ये आकडा कुठे ठेवलाय हेही गेमगणिक बदलतं. काही गेम तो खात्यावर ठेवतात, मग नवा सेव्ह सुरू केला तरी पुढे चालतो. काही गेम सेव्हमध्येच ठेवतात, मग नव्या सेव्हमध्ये शून्यापासून सुरुवात. "माझे ९९ झाले होते" म्हणणाऱ्याला मी हेच विचारतो, ते एकाच सेव्हमध्ये झाले होते का?

पीएस५ वर आणखी एक घोटाळा होतो. बऱ्याच गेम्सच्या पीएस४ आणि पीएस५ आवृत्त्यांची ट्रॉफी यादी वेगळी असते. पीएस५ वर पीएस४ ची आवृत्ती इन्स्टॉल झालेली असेल तर ट्रॉफी पीएस४ च्या यादीत पडते, आणि तुम्ही पीएस५ ची यादी उघडून बसलेले असता. होम स्क्रीनवर गेमच्या नावापाशी `PS4` असं लिहिलेलं आहे का ते बघा.

दुसरी तपासणी: खेळताना खातं कोणाचं होतं?

हीसुद्धा फुकट, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा उत्तर इथेच सापडतं. कॅफेत तर नेहमीचंच. मुलगा येतो, मशीनवर आधीच्या गिऱ्हाइकाचं किंवा दुकानाचं खातं उघडं असतं, तो तसाच तीन तास खेळतो. अचिव्हमेंट मिळते, पण दुकानाच्या खात्यात. घरीही तसंच. दोन भावांचा एक पीसी, मोठ्याचं स्टीम लॉगिन, खेळतो धाकटा.

एका खात्यातली अचिव्हमेंट दुसऱ्या खात्यात हलवता येत नाही. स्टीम, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, कुठेही नाही. सपोर्टला लिहूनही नाही. हे मी लगेच सांगतो, कारण त्या आशेवर मुलं आठवडाभर मेल करत बसतात. पण स्टीमवर बऱ्याच गेम्सचा सेव्ह ही पीसीवरची साधी फाइल असते. तो सेव्ह आपल्या खात्याने उघडून शेवटचा टप्पा पुन्हा खेळला, तर अट पुन्हा पूर्ण होते आणि नोंद आपल्या खात्यात पडते. पीएस४ आणि पीएस५ वर ही वाट बंद आहे, तिथे सेव्ह त्या-त्या युजरच्या खात्याला बांधलेला असतो.

स्टीम फॅमिलीबद्दल नेहमी विचारतात म्हणून लिहितो. वडिलांनी घेतलेला गेम मुलीने तिच्या लॉगिनने खेळला, तर सेव्ह आणि अचिव्हमेंट दोन्ही मुलीचे. गेमचा मालक कोण, याने फरक पडत नाही. विंडोजवर एक्सबॉक्सचे गेम खेळताना मात्र एक्सबॉक्स ॲपमध्ये कोणतं मायक्रोसॉफ्ट खातं आहे ते वेगळं बघा. स्टोअरमध्ये एक खातं आणि एक्सबॉक्स ॲपमध्ये दुसरं असू शकतं, आणि अचिव्हमेंट एक्सबॉक्समधल्या खात्याला जाते.

स्टीमवर शंका राहिलीच तर एक फोल्डर उघडून खात्री करता येते:

```
C:\Program Files (x86)\Steam\appcache\stats
```

यात `UserGameStats_` ने सुरू होणाऱ्या फाइल्स दिसतील. नावात पुढे दोन आकडे असतात, पहिला खात्याचा आणि दुसरा गेमचा. स्टार्ड्यू व्हॅलीचा क्रमांक ४१३१५० आहे, म्हणून शेवटी `413150.bin` असलेली फाइल त्या गेमची. एकाच गेमच्या दोन फाइल्स, पहिला आकडा वेगवेगळा, याचा अर्थ या पीसीवर तो गेम दोन खात्यांनी खेळला गेलाय. शेजारची तारीख आणि वेळ बघा. तुम्ही खेळलात त्या वेळी कोणाची फाइल बदलली, तेच उत्तर. फाइल उघडायची नाही, बदलायची नाही, नुसती तारीख वाचायची.

खात्याचा हा छोटा आकडा प्रोफाइलवर दिसणाऱ्या सतरा अंकी आकड्यापेक्षा वेगळा असतो, त्यामुळे दोन्ही जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. सतरा अंकी आकड्यातून 76561197960265728 वजा केले की हा छोटा मिळतो.

तिसरी तपासणी: नेट आणि सिंक

नेट गेलेलं असताना मिळालेली अचिव्हमेंट बहुतेक वेळा वाया जात नाही. स्टीम ती पीसीवर राखून ठेवतो आणि पुढच्या वेळी ऑनलाइन झाल्यावर पाठवतो. वरच्या फोल्डरमधल्या फाइल्स त्यासाठीच आहेत. म्हणून स्टीम ऑफलाइन मोडमध्ये आहे का ते बघा, ऑनलाइन करा, गेम एकदा सुरू करून मेनूपर्यंत जाऊन नीट बंद करा. टास्क मॅनेजरमधून मारून टाकू नका.

पीएस४ वर ट्रॉफीच्या यादीत जाऊन कंट्रोलरचं `OPTIONS` बटण दाबलं की `Sync with PlayStation Network` येतं. फोनवर ट्रॉफी दिसत नाही या तक्रारीवर दहातले आठ वेळा एवढंच लागतं. पीएस५ हे आपोआप करतो, फक्त तो साइन इन असायला हवा.

इथे एक धोका आहे. सिंक न झालेली ट्रॉफी फक्त त्या कन्सोलवर असते. वैतागून कुणी कन्सोलवरचा युजर डिलीट करून परत बनवला, किंवा कन्सोल इनिशियलाइझ केला, तर ती गेली. आमच्याकडे एकाने जुना पीएस४ विकायच्या आदल्या दिवशी फॅक्टरी रीसेट केला. महिनाभर त्याच्या घरी नेट नव्हतं, त्या महिन्याच्या सगळ्या ट्रॉफी त्याबरोबर गेल्या. रीसेट, युजर डिलीट, विक्री, या तिन्हींच्या आधी सिंक करा आणि फोनवरच्या ॲपमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

एक्सबॉक्सवर सर्व्हर जरा जास्त काम करतो. एक्सबॉक्स वनपासून अनेक गेम्स फक्त "काय घडलं" ते सर्व्हरला कळवतात आणि अट पूर्ण झाली की नाही ते सर्व्हर ठरवतो. त्यामुळे तिथे उशीर होणं स्वाभाविक आहे. एक्सबॉक्सचं सेवा-स्थितीचं पान बघा, तिथे बिघाड दाखवत असेल तर काहीही न करता एक दिवस थांबा.

चौथी तपासणी: गेम सुरू कसा केला?

"सगळ्याच अचिव्हमेंट्स थांबल्या" या लक्षणाचं उत्तर बहुधा इथे असतं.

प्लॅटफॉर्मला कळवायचं काम गेम करतो, पण त्यासाठी गेम प्लॅटफॉर्ममार्फत सुरू झालेला असावा लागतो. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने थेट `.exe` चालवली तर काही गेम स्वतःच स्टीमला जोडून घेतात, काही नाही. मॉड, म्हणजे गेममध्ये बाहेरून टाकलेले बदल, असतील तर हा प्रश्न हमखास येतो.

शेजारच्या इमारतीतला बारावीतला एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता, त्याचं सगळं सविस्तर सांगतो. गेम स्टार्ड्यू व्हॅली, स्टीमवर घेतलेला. त्यात एकूण कमाई दहा लाख झाली की `Millionaire` मिळते. त्याचे दहा लाख होऊन गेले होते. गेमच्या आतल्या मेनूत अचिव्हमेंटच्या पानावर त्याचा तारा चमकत होता. स्टीमवर कुलूप. आधीच्या दोन, पन्नास हजारांची आणि अडीच लाखांची, स्टीमवर व्यवस्थित होत्या.

म्हणजे पहिल्या वहीत नोंद होती, तिसरीत नव्हती. खातं एकच, त्याचंच. नेट चालू. मी `appcache\stats` मधली फाइल बघितली. तिची तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. म्हणजे तीन आठवडे गेम स्टीमशी बोललेलाच नव्हता, दुसऱ्या वहीपर्यंतही काही पोचलं नव्हतं. म्हटलं, "तीन आठवड्यांपूर्वी काय बदललंस?"

"मॉड टाकले, दादा."

"कोणते?"

"फक्त यूआयचे. चीटचे नाहीत."

मॉडने अचिव्हमेंट बंद होते अशी त्याची समजूत होती, म्हणून तो ते सांगायला कचरत होता. या गेममध्ये तसं होत नाही. मॉड चालवायला त्याने एसएमएपीआय टाकलं होतं आणि डेस्कटॉपवर `StardewModdingAPI.exe` चा शॉर्टकट करून तिथूनच रोज गेम उघडत होता. गेम चालायचा, मॉड चालायचे, फक्त स्टीमला पत्ता नसायचा. लायब्ररीत खेळलेले तासही तीन आठवडे वाढलेले नव्हते. पुढे मी हीच खूण सगळ्यात आधी बघायला लागलो. खेळलेले तास वाढत नसतील तर अचिव्हमेंटही मिळणार नाही.

दुरुस्ती अशी. स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक, `Properties`, मग `General` मध्ये `Launch Options`. त्या रकान्यात ही एकच ओळ, अवतरणचिन्हांसकट:

```
"C:\Program Files (x86)\Steam\steamapps\common\Stardew Valley\StardewModdingAPI.exe" %command%
```

गेम दुसऱ्या ड्राइव्हवर असेल तर तिथला पत्ता घालायचा. यानंतर स्टीममधलं प्ले बटण दाबलं की मॉडसकट गेम उघडतो आणि स्टीमला तो दिसतो. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट मी त्याच्यासमोर डिलीट केला, नाहीतर सवयीने बोट तिकडेच जातं.

पुढच्या अचिव्हमेंट्सचा प्रश्न मिटला. राहिली चुकलेली `Millionaire`. त्यासाठी जुना सेव्ह हवा होता. एसएमएपीआयसोबत एक बॅकअपचा मॉड येतो, तो गेमच्या फोल्डरमध्ये `save-backups` नावाने शेवटच्या दहा बॅकअपच्या झिप ठेवतो. त्याचे दहा लाख चार दिवसांपूर्वी झाले होते, त्यामुळे त्याआधीची झिप शिल्लक होती. आणखी आठवडाभर थांबून आला असता तर कदाचित ती पुसली गेली असती. आधी आम्ही चालू सेव्हची पूर्ण प्रत पेनड्राइव्हवर घेतली. सेव्ह इथे असतात:

```
%appdata%\StardewValley\Saves
```

मग जुन्या झिपमधला त्याचा शेताचा फोल्डर तिथे ठेवला, स्टीमवरून गेम उघडला. कमाई नऊ लाख ब्याण्णव हजारांच्या आसपास होती. त्याने पेटीतला सगळा माल विक्रीच्या खोक्यात टाकला आणि पात्राला झोपवलं. सकाळी विक्रीचा हिशेब आला आणि उजव्या कोपऱ्यात स्टीमचं नोटिफिकेशन वर सरकलं. त्याने मोबाइलवर फोटो काढला. मग गेम बंद करून आम्ही जुना फोल्डर काढला आणि पेनड्राइव्हवरचा नवा सेव्ह परत ठेवला. अचिव्हमेंट खात्यात गेली ती गेलीच, सेव्ह बदलल्याने ती परत जात नाही. शेतही चार दिवस मागे गेलं नाही.

सगळे गेम मॉडच्या बाबतीत इतके उदार नाहीत. स्कायरिम स्पेशल एडिशन आणि फॉलआउट ४ मॉड चालू असताना अचिव्हमेंट देत नाहीत. माइनक्राफ्ट बेडरॉकमध्ये एखाद्या वर्ल्डमध्ये एकदा चीट चालू केले किंवा ते क्रिएटिव्हमध्ये नेलं, की त्या वर्ल्डमध्ये अचिव्हमेंट कायमची बंद, नंतर चीट बंद केले तरी. गेम तशी सूचना देतो, मुलं न वाचता पुढे जातात. तिथे उपाय एकच, नवं वर्ल्ड. आधी मिळालेल्या मात्र खात्यात तशाच राहतात. आणि माइनक्राफ्ट जावामध्ये ज्या "ॲडव्हान्समेंट्स" दिसतात त्या त्या वर्ल्डच्या फोल्डरमध्येच लिहिल्या जातात, कुठल्याही प्लॅटफॉर्मच्या खात्यात नाही. जावा खेळणाऱ्याने त्या एक्सबॉक्सच्या यादीत शोधू नयेत.

पाचवी तपासणी: फाइल्स आणि शेवटचा टप्पा पुन्हा

इथवर काही सापडलं नाही तर स्टीममध्ये `Properties`, `Installed Files`, आणि `Verify integrity of game files`. मोठ्या गेमला वेळ लागतो, आणि खराब फाइल सापडली तर डाउनलोडही होतं, म्हणून हे आधी करायचं नाही. एखादं अपडेट अर्धवट बसलं असेल तर गेमची आणि प्लॅटफॉर्मची यादी जुळत नाही, ते यात सुटतं. मॉडने बदललेल्या मूळ फाइल्स मात्र हे पूर्ववत करतं, तेव्हा मॉड परत टाकायची तयारी ठेवा.

त्यानंतर अट पुन्हा घडवा. अनेक गेम सेव्ह उघडताना सगळ्या अटी नव्याने तपासतात, त्यामुळे कधी कधी नुसता सेव्ह उघडूनच काम होतं. काही गेम फक्त त्या क्षणी तपासतात, त्यांना शेवटचा बॉस पुन्हा मारावाच लागतो. म्हणून मी नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगतो, शेवटच्या लढाईआधीचा सेव्ह वेगळ्या स्लॉटमध्ये ठेवा आणि नोटिफिकेशन दिसेपर्यंत तो पुसू नका.

सहावी: रीसेट. शक्यतो करू नका

स्टीमचा आज्ञा लिहायचा एक कन्सोल आहे. विंडोजच्या `Run` मध्ये `steam://open/console` लिहिलं की उघडतो, आणि त्यात ही आज्ञा चालते:

```
reset_all_stats 413150
```

हिने त्या गेममधल्या त्या खात्याच्या सगळ्या अचिव्हमेंट्स आणि आकडे पुसले जातात. परत आणण्याचं बटण नाही. व्हिडिओंमध्ये हा उपाय पहिला सांगतात, म्हणून इथे लिहिणं भाग आहे. ही आज्ञा मुळात गेम बनवणाऱ्यांना चाचणीसाठी आहे. मी ती गिऱ्हाइकाच्या खात्यावर कधीच चालवत नाही. एक अचिव्हमेंट अडकली म्हणून चाळीस घालवायच्या नाहीत. प्लेस्टेशनवर मिळालेली ट्रॉफी अशी पुसताच येत नाही, तिथे हा प्रश्न नाही.

अचिव्हमेंट्स स्वतःहून अनलॉक करून देणारे बाहेरचे प्रोग्राम मी लावून देत नाही. तुम्ही मिळवलेली आणि त्याने चिकटवलेली यात नंतर फरक सांगता येत नाही, आणि दोष शोधायचा रस्ताही पुसला जातो. शिवाय मायक्रोसॉफ्टने अशा प्रकारे वाढवलेला गेमरस्कोअर शून्यावर आणल्याची उदाहरणं आहेत.

कधी थांबायचं आणि कुणाला विचारायचं

खातं बरोबर, ऑनलाइन, गेम स्टीमवरून सुरू, बाकीच्या अचिव्हमेंट्स मिळतायत, अट दोन वेळा पुन्हा पूर्ण केली, तरी ती एकच येत नाही, तर थांबा. दोष गेमच्या कोडमध्ये आहे. स्टीमवर त्या अचिव्हमेंटपाशी किती टक्के खेळाडूंना मिळाली ते दिसतं. कथेतला साधा टप्पा असून आकडा शून्याजवळ असेल तर सगळ्यांचीच अडकलीय. हे गेम बनवणाऱ्या कंपनीला लिहा, प्लॅटफॉर्मच्या सपोर्टला नाही. प्लॅटफॉर्मवाले हाताने अचिव्हमेंट देत नाहीत, ते तुम्हाला कंपनीकडेच पाठवतील. लिहिताना खात्याचं नाव, अचिव्हमेंटचं नाव, गेमची आवृत्ती, तारीख-वेळ, आणि अट पूर्ण झाल्याचा स्क्रीनशॉट द्या. सेव्ह फाइल जपून ठेवा, ते ती मागतात. पासवर्ड कुणालाही द्यायचा नाही, मागितला तर समोरचा खरा नाही.

ऑनलाइन खेळाची अट असेल आणि त्या गेमचे सर्व्हर कायमचे बंद झाले असतील तर ती ट्रॉफी आता कुणालाच मिळणार नाही. पीएस३ च्या काळातल्या बऱ्याच गेम्सचं असं झालंय, आणि त्यांचं प्लॅटिनमही त्याबरोबर गेलं. गेम घेण्याआधी यादीत ऑनलाइनच्या ट्रॉफी किती आहेत ते बघून घ्या.

पीएस४ ट्रॉफी उघडताना डेटा खराब असल्याचं सांगत असेल, तर सेफ मोडमधलं `Rebuild Database` एकदा करून बघायला हरकत नाही, त्याने सेव्ह पुसले जात नाहीत. त्याच मेनूत त्याच्या खाली `Initialize PS4` आहे, तिथे बोट जाऊ देऊ नका. रीबिल्ड करूनही तेच झालं, किंवा गेम वारंवार कॉपी होताना अडकत असतील, डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर हे ट्रॉफीचं दुखणं नाही, हार्ड डिस्क जातेय. शक्य तेवढे सेव्ह यूएसबीवर किंवा क्लाउडवर घ्या, सिंक होत असेल तर करा, कन्सोल बंद करा आणि दुरुस्तीवाल्याकडे न्या. पीसीवर गेमच्या फाइल्स दर तपासणीत नव्याने खराब निघत असतील तर तिथेही तेच, आधी डिस्क तपासून घ्यायची. अशा मशीनवर मी अचिव्हमेंटसाठी पुन्हा खेळायला बसवत नाही, कारण त्या तासाभरात उरलेला सेव्हही जाऊ शकतो.